अब्लेशन करून पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात: कोणी करावं, कसं होतं आणि गर्भनिरोधक का सोडायचं नाही

स्त्रीरोग विभागात बारा वर्षं नर्स म्हणून काम करतेय, आणि एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. एकेचाळीस वर्षांच्या एक बाई गॅस आणि मळमळीची तक्रार घेऊन आल्या होत्या. फाइल चाळताना दिसलं की दीड वर्षापूर्वी एंडोमेट्रियल अब्लेशन झालंय, म्हणजे पाळीतला रक्तस्राव कमी करायला गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाळलंय, म्हणून मी सहज विचारलं, गर्भनिरोधक काय वापरता? त्या म्हणाल्या, "सिस्टर, पाळीच गेली माझी, आता कसलं गर्भनिरोधक?" लघवीची टेस्ट केली तर पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत साधारण नऊ आठवडे. त्यांचं पुढे काय झालं ते खाली सांगते, पण गडबड कुठे झाली ते बघा. आपल्याकडे पाळी जाणं म्हणजे वयानुसार कायमची बंद होणं, अंडाशयाचं काम संपणं. यांची पाळी गेली नव्हती, फक्त थांबवली होती, आणि या दोन गोष्टींत जमीन अस्मानाचा फरक आहे जो त्यांना कुणी नीट सांगितलाच नव्हता.

आधी हे समजून घ्या, आत नक्की काय करतात

गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला अस्तर असतं, त्याला एंडोमेट्रियम म्हणतात. त्याचे दोन थर. वरचा दर महिन्याला वाढतो आणि पाळीत गळून जातो, खालचा तळाचा थर तिथेच राहतो आणि त्यातून नवीन अस्तर उगवतं. शेतात वरून गवत कापलं तर ते परत येतं, मुळापासून जाळलं तर येत नाही, तसंच. क्युरेटिंगमध्ये वरवर खरवडतात म्हणून एकदोन महिन्यांत परत तेच रडगाणं सुरू होतं, आणि अब्लेशनमध्ये उष्णतेने किंवा विजेच्या लहरींनी तो तळाचा थर आणि त्याखालचा थोडा स्नायू, सगळं मिळून साधारण ४ ते ६ मिलीमीटर खोल, नष्ट करतात.

पण अंडाशयाला कोणी हातही लावत नाही. ते पिशवीच्या बाहेर आहेत, त्यांचा रक्तपुरवठा वेगळा, त्यामुळे दर महिन्याला अंडं सुटतच राहतं, नळ्याही उघड्याच असतात. आणि पिशवीचा आतला आकार साधारण उलट्या त्रिकोणासारखा आहे, वरच्या दोन कोपऱ्यांत नळ्या उघडतात, त्या अरुंद कोपऱ्यांत मशीनची उष्णता कधीकधी पूर्ण पोचत नाही आणि अस्तराचे छोटे छोटे ठिपके तसेच राहतात. अंडं आहे, नळी आहे, थोडं अस्तर आहे, मग दिवस राहायला अडलंय कुठे? आपण बंद केली ती फक्त खूण, दर महिन्याला दिसणारी.

पहिली पायरी: रक्तस्राव का होतोय ते आधी शोधायचं

आता एका पेशंटचं उदाहरण घेऊन जाते म्हणजे क्रम लक्षात येईल. वय त्रेचाळीस, दोन मुलं, दुसरं सिझेरियन. पाळी आठ ते नऊ दिवस, पहिले तीन दिवस तासा दीड तासाने पॅड बदलायला लागायचा, रात्री दोनदा उठायला लागायचं, गाठी पडायच्या. हिमोग्लोबिन ८.४, जिना चढताना धाप. त्यांनी तीन महिने वहीत लिहून आणलं होतं कुठल्या दिवशी किती पॅड, किती भिजलेले, गाठी किती मोठ्या, आणि खरं सांगते, ती वही बघून डॉक्टरांचं काम निम्मं झालं. नुसतं "खूप जातं" म्हटलं की कोणालाच अंदाज येत नाही, तुम्हीही लिहून न्या.

मग तपासण्या. रक्तात हिमोग्लोबिन आणि लोह, योनीमार्गातून सोनोग्राफी, पॅप स्मिअर, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे अस्तराची बायोप्सी. पातळ नळीने थोडं अस्तर ओढून लॅबला पाठवतात, मिनिटभर चांगलाच चमका येतो पण तेवढंच. ही टाळून कुणी थेट अब्लेशन करा म्हणत असेल तर थांबा आणि विचारा. कारण आत कॅन्सर किंवा कॅन्सरच्या आधीचा बदल असेल आणि आपण वरून जाळून टाकलं, तर तो बरा होत नाही, जखमेच्या चिकटलेल्या थराखाली लपतो, आणि पुढे रक्त बाहेर यायला वाट नसल्यामुळे कळतोही उशिरा.

अब्लेशनच्या आधी साधे उपायही मनापासून करून बघायचे. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, नाहीतर पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल. ही कॉइल रक्तस्राव खूप कमी करते, गर्भनिरोधनाचंही काम करते आणि नको असेल तर काढता येते, म्हणून बऱ्याच जणींसाठी माझ्या मते आधी हीच. या बाईंनी कॉइल आठ महिने ठेवली होती पण सतत डाग पडत राहिले म्हणून काढून घेतली, गोळ्यांनी फरक पडला पण पुरेसा नाही. तेव्हा कुठे अब्लेशनचा विषय निघाला, आणि त्याआधी दोन महिने लोह देऊन हिमोग्लोबिन दहाच्या वर आणलं.

दुसरी पायरी: आपल्याला चालेल का

पहिला प्रश्न मूल हवं आहे का, आणि त्याला "बहुतेक नको" हे उत्तर चालत नाही. परत मूल होऊ द्यायचं असं मनाच्या कोपऱ्यात जरी असेल तर अब्लेशन करायचं नाही, हे परत उलटवता येत नाही.

बाकी बघायचं ते असं: पिशवीची आतली पोकळी नीट आकाराची आहे का, लांबी फार मोठी नाही ना (साधारण १० ते १२ सेंटिमीटरच्या आत हवी, यंत्रानुसार मर्यादा बदलते), फायब्रॉइड म्हणजे पिशवीतली साधी गाठ असेल तर ३ सेंटिमीटरपेक्षा लहान आहे का आणि पोकळीत घुसलेला नाही ना. आपल्या पेशंटना २ सेंटिमीटरचा एक होता, पण पिशवीच्या भिंतीत, आतला आकार न बिघडवणारा, म्हणून चाललं. सिझेरियनचा आडवा व्रण असला म्हणून लगेच नकार नसतो, पण तिथली भिंत किती जाड उरली आहे ते सोनोग्राफीत मोजतात, कारण पातळ भिंतीतून उष्णता पलीकडे मूत्राशयाला किंवा आतड्याला पोचू शकते. पिशवीवर उभा छेद घेतलेला असेल किंवा फायब्रॉइड काढताना भिंत आरपार उघडली असेल तर नाहीच करत.

काही जणींना ते करता येतं पण फायदा टिकत नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण निराशा तिथेच होते. चाळिशीच्या आतल्या बायका, कारण पुढे दहा बारा वर्षं हार्मोन चालू असतात आणि उरलेले ठिपके वाढायला भरपूर वेळ मिळतो. पाळीत भयंकर दुखणाऱ्या, कारण बहुतेकदा अस्तर पिशवीच्या स्नायूत खोल गेलेलं असतं, त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, तिथे उष्णता पोचत नाही. आणि तिसऱ्या, ज्यांचं मुलं बंद करायचं ऑपरेशन आधीच झालंय. यांचं वेगळं सांगते कारण अशा खूप जणी येतात. नळी बाहेरून बांधलेली, पिशवीकडून अब्लेशनच्या व्रणाने बंद झालेली, आणि मधल्या कोपऱ्यात अस्तराचा ठिपका जिवंत राहिला तर महिन्याला तिथे रक्त साचतं आणि जायला वाट नाही. मग रक्त बाहेर येत नाही पण दर महिन्याला ठरलेल्या दिवशी एका बाजूला कळ येते. सगळ्यांना होत नाही, पण ही शक्यता आधी कानावर असावी, नाहीतर बाई पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत बसते.

पाळी जाऊन वर्ष होऊन गेलंय आणि आता रक्त दिसतंय, त्यांच्यासाठी तर हा उपाय नाहीच, त्यांना आधी कारण शोधायचं.

आणि अपेक्षा नीट ठेवा. उद्देश पाळी पूर्ण थांबवणं नसून ती सुसह्य करणं आहे. ढोबळ मानाने दर दहांपैकी तीन ते पाच जणींची पूर्ण थांबते, बाकीच्या बहुतेकींची हलकी होते, आणि काही वर्षांत साधारण पाचातल्या एकीला तरी परत काहीतरी करावं लागतं, बरेचदा पिशवी काढणंच.

तिसरी पायरी: गर्भनिरोधक ऑपरेशनच्या आधी ठरवा

नंतर बघू म्हणायचं नाही. नंतर पाळी थांबते, सगळं शांत होतं, आणि विषय राहून जातो, त्या एकेचाळीसच्या बाईंचं नेमकं हेच झालं.

दिवस राहण्याची शक्यता कमी आहे हे खरं, शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना राहतात असं आकडे सांगतात. पण राहिले तर ते बाळंतपण साधं नसतं. वार रुजायला मऊ जाड अस्तर लागतं, ते नसल्यामुळे वार थेट पिशवीच्या स्नायूत घुसू शकते, आणि तसं झालं तर ती बाळंतपणात सुटत नाही, मग जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो आणि पिशवी काढायची वेळ येऊ शकते. आतली भिंत चिकटलेली असल्यामुळे पिशवी नीट फुलत नाही, बाळाची वाढ अडते, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होतं, क्वचित पिशवीच फाटते. गर्भपात होण्याचं प्रमाण जास्त, नळीत गर्भ राहण्याचा धोकाही असतो. त्या बाईंचा गर्भ अकराव्या आठवड्यात आपोआप खराब झाला, आणि पिशवी साफ करतानाही आतून चिकटल्यामुळे नीट वाट मिळेना, शेवटी सोनोग्राफीत बघत बघत हळूहळू करावं लागलं. साधं क्युरेटिंग म्हणून ज्याला आपण म्हणतो तेही इथे अवघड होऊन बसतं, हे बाईंना आणि आम्हालाही त्या दिवशी दिसलं.

पर्याय काय आहेत? नवऱ्याची नसबंदी हा मला सगळ्यात सुटसुटीत वाटतो, कारण बाईच्या पोटात दुसरं काही करावं लागत नाही आणि वर सांगितलेली ती साचलेल्या रक्ताची कळही वाढत नाही. फक्त ती लगेच लागू पडत नाही, नळ्यांत आधीचे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून साधारण तीन महिन्यांनी आणि वीस एक वेळा वीर्य बाहेर पडल्यावर तपासणी करतात आणि रिपोर्ट साफ येईपर्यंत कंडोम चालूच ठेवायचा. दुसरा पर्याय, अब्लेशन झाल्या झाल्या त्याच वेळी हार्मोनची कॉइल बसवणं. नंतर बसवायची म्हटलं तर पोकळी चिकटून लहान झालेली असू शकते आणि जाईलच असं नाही, आणि पुढे काढताना कधी अवघड जाऊ शकतं, हेही विचारून घ्या. कॉपर टी मात्र नको, तिने रक्तस्राव वाढतो आणि व्रण पडलेल्या पिशवीत तिचा भरवसा नाही. हातातलं इम्प्लांट, इंजेक्शन, फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी, हे सगळं अब्लेशननंतरही चालतं. दोन हार्मोनवाली गोळी पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, बीपी किंवा मायग्रेन असणाऱ्या बाईला नको, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कंडोम चालतो पण दरवेळी नीट वापरला तरच, आणि चूक झाली तर पाळी चुकली म्हणून कळणार नाही हे डोक्यात ठेवा.

आपल्या त्रेचाळीसच्या पेशंट आणि त्यांचे मिस्टर दोघं समोर बसले होते. मिस्टर आधी गप्पच, मग म्हणाले, "हिने दोन बाळंतपणं केली, आता माझी पाळी." त्यांची नसबंदी अब्लेशनच्या तीन आठवडे आधीच झाली.

चौथी पायरी: प्रत्यक्ष दिवशी

सकाळी लघवीची गर्भ टेस्ट करतात, मागच्या महिन्यात काळजी घेतलीय म्हटलं तरी करतात, आणि करू द्या. भूल पूर्ण किंवा कमरेतून, काही ठिकाणी जागेवर बधिर करूनही. आधी दुर्बीण घालून आत बघतात, पॉलिप वगैरे असेल तर काढतात. मग एक मोजपट्टीसारखी सळई घालून पोकळीची लांबी मोजतात, आपल्या पेशंटची पिशवी साडेआठ सेंटिमीटर होती. पिशवीचं तोंड थोडं रुंद करून आत जाळीसारखं उपकरण सोडतात आणि ते आत छत्रीसारखं उघडतं. चालू करण्याआधी थोडा कार्बन डायऑक्साइड आत सोडून दाब टिकतो का बघतात, टिकला नाही तर भिंतीला कुठे भोक पडलंय का हा संशय येतो आणि मशीन चालूच होत नाही. टिकला की रेडिओफ्रिक्वेन्सी लहरी, त्या दीड ते दोन मिनिटांत बंद. गरम पाण्याचा फुगा वापरला तर आठेक मिनिटं लागतात. सगळं धरून अर्ध्या तासात बाई बाहेर, आणि बहुतेक जणी त्याच दिवशी घरी.

पाचवी पायरी: नंतरचे दिवस, आणि बिघडलं हे कसं ओळखायचं

पहिला दिवस पाळीसारखं किंवा त्याहून जोरात दुखतं, गोळीने कमी होतं. मग दोन ते चार आठवडे गुलाबी पाण्यासारखं जात राहतं, काहींना कधी तपकिरी, त्याला घाबरायचं नाही, ते भाजलेलं अस्तर बाहेर पडतंय. तेवढे दिवस टॅम्पॉन, कप आणि संबंध नको. पहिल्या दोन तीन पाळ्यांवरून निकाल लावू नका, तीन ते सहा महिन्यांनी खरं चित्र दिसतं.

घाबरायचं कधी ते सांगते. दुखणं कमी होण्याऐवजी दुसऱ्या दिवशी वाढत गेलं, ताप, उलट्या, पोट फुगून कडक झालं, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण आतड्याला चटका बसल्याची ती खूण असू शकते, क्वचित होतं पण वाट बघण्यासारखं नसतं. घाण वास येणारं पाणी म्हणजे इन्फेक्शन. तासाला एक पॅड भिजत असेल तरी जा. आणि महिन्या दोन महिन्यांनी, किंवा वर्षांनीही, रक्त नाही पण ठरलेल्या दिवसांत खाली कळ येते असं झालं तर सोनोग्राफी करा, आत रक्त साठलेलं असू शकतं.

मळमळ, छाती जड होणं, सतत लघवी, थकवा, असं काही वाटलं तर पाळी थांबलीय म्हणून गर्भ नसेल असं धरायचं नाही, आधी लघवीची टेस्ट. पॉझिटिव्ह आली तर गर्भ पिशवीत आहे की नळीत हे बघायला लगेच सोनोग्राफी, आणि पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर तसंच इमर्जन्सीत.

आणि किती वर्षं?

हा प्रश्न सगळ्या विचारतात. एरवी पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीला एक वर्ष झालं की गर्भनिरोधक सोडता येतं, पन्नाशीच्या आत असेल तर दोन वर्षं. पण अब्लेशन झालेल्या बाईची शेवटची पाळी नैसर्गिक कधी होती हे कळणार कसं? खूणच पुसलेली आहे. म्हणून तारखेवरून मोजता येत नाही, साधारण पंचावन्नपर्यंत चालू ठेवायचं, किंवा पन्नाशी उलटल्यावर डॉक्टर रक्तात एफएसएच नावाचं हार्मोन तपासून आधी थांबायचं का ते ठरवतात.

ह्यालाच जोडून एक गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: अब्लेशन झालं आहे, कुठल्या तारखेला, कुठल्या पद्धतीने. पुढे पाळी जाण्याच्या वयात घाम, झोप न लागणं यासाठी हार्मोन सुरू केले तर पिशवी काढलेल्या बाईसारखं नुसतं इस्ट्रोजेन देऊन चालत नाही, उरलेल्या अस्तरासाठी प्रोजेस्टेरॉनही द्यावं लागतं. आणि पाळी गेल्यानंतर परत रक्त दिसलं तर अब्लेशन झालंय म्हणून दुर्लक्ष करायचं नाही, उलट आधी कळवायचं, कारण चिकटलेल्या पिशवीतून नमुना घेणं अवघड असतं आणि डॉक्टरांना तयारीने उतरावं लागतं.

आपल्या त्रेचाळीसच्या पेशंटना सहा महिन्यांनी पाळी येत होती, दोन दिवस, दिवसाला एक पॅड, तोही पूर्ण न भिजलेला, हिमोग्लोबिन १२.१. मिस्टरांचा पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी आला होता, त्यात थोडे शुक्राणू उरलेले दिसले म्हणून परत सहा आठवडे थांबायला सांगितलं आणि कंडोम चालू ठेवला, दुसरा आला तो शून्य. तो कागद घेऊन दोघं माझ्याकडे आले, त्यांनी विचारलं, "सिस्टर, आता बंद?" मी रिपोर्टवरची तारीख आणि नाव दोनदा वाचलं, आणि म्हटलं, हो, आता बंद करा.